वेर्ण्याची मुलाखत ऐनवेळी व्हिडिओवर गेली

बुधवार, १६ जुलै

पावणेपाचला हैदराबादहून फोन आला. उद्या सकाळी गोव्यात उतरणारे क्वालिटीचे मोठे साहेब येत नाहीत, त्यांच्या प्लांटवर अचानक ऑडिट लागलंय. मुलाखती रद्द करू नका, व्हिडिओवर घ्या, दुपारी जमेल. एवढं बोलून फोन ठेवला. ज्याने वेळ बदलली त्याच्या दृष्टीने काम तिथेच संपतं, आमचं तिथून सुरू होतं.

आमच्या वेर्ण्याच्या लॅबमधल्या क्यूसी केमिस्टच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्याच्या, जागेसाठी उद्या तीन उमेदवार होते. वास्कोचा मुलगा आणि मडगावची मुलगी दोघेही घरीच सापडले, पाच-पाच मिनिटांत काम झालं. तिसरी सत्तरी तालुक्यातली, वाळपईच्याही पलीकडच्या गावातली. वाळपईहून फोंडा, फोंड्याहून वेर्णा, अशा बसगाड्या बदलत साडेदहाला पोचायचं तर तिला पहाटेच निघायला हवं. म्हणजे माझ्या हातात फक्त आजची संध्याकाळ. मेल पाठवून दिला आणि तिने तो उद्या फोंड्याच्या बसस्टँडवर उघडला, तर कागदोपत्री मी कळवलेलं असतं, पण तिचा अर्धा दिवस आणि भाडं पाण्यात जातं.

तिचा मोबाइल वाजत राहिला, कुणी उचलला नाही. ती सध्या एका छोट्या कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, दुसऱ्या पाळीला. आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, आमच्याकडेही तसंच आहे. आता व्हॉट्सअ‍ॅप करायचा, पण काय लिहून? लॉकरमधून फोन काढताना पडद्यावर पहिली ओळ दिसते आणि शेजारी सहकारी उभे असतात. तिथे ‘उद्याच्या मुलाखतीबाबत’ असं झळकलं, तर सकाळपर्यंत तिच्या सुपरवायझरच्या कानावर जायचं. म्हणून एवढंच लिहिलं: ‘नमस्कार, उद्याच्या भेटीच्या वेळेत थोडा बदल आहे. मोकळ्या झालात की फोन करा, कितीही उशीर झाला तरी चालेल.’ खाली माझं नाव. कंपनीचं नाव मुद्दाम टाकलं नाही.

अर्जात दुसरा नंबर घरचा होता. वडिलांनी उचलला. ‘कोण उलयता?’ मी नाव सांगितलं, वेर्ण्याहून बोलतेय म्हटलं. तिने घरी सांगितलेलं होतं, त्यामुळे पुढचं बोलणं मोकळेपणी झालं. पण व्हिडिओ आणि लिंक हे शब्द ऐकल्यावर त्यांचा आवाज बदलला. ‘हल्ली ह्या लिंकांनीच पैसे जातात ना बाई? काल ऑफिसात या म्हणत होता, आज घरीच बसा म्हणता.’

मला त्यांचा राग आला नाही. नोकरीच्या नावाने फसवणारे नेमकं हेच करतात: ठरलेली भेट टाळायची, लिंक पाठवायची, मग नोंदणीचे म्हणून थोडे पैसे मागायचे. मी म्हटलं, ‘काका, मुलाखतीच्या पत्रावर ऑफिसचा लँडलाइन नंबर आहे. माझा हा फोन ठेवा आणि त्या नंबरवर लावा, उचलणारी मीच असेन. लिंक येईल ती पत्र ज्या मेलवरून आलं त्याच पत्त्यावरून येईल. पैसे किंवा ओटीपी कुणी मागितला तर ते आम्ही नव्हेच.’ दोन मिनिटांत लँडलाइन वाजला. म्हणाले, ‘बरं, तीच तुम्ही.’ मग पोरीच्या सुपरवायझरपेक्षा जास्त प्रश्न विचारले, आणि सगळे रास्त होते.

तिचा स्वतःचा फोन सातच्या सुमारास, जेवणाच्या सुट्टीत आला. मी वेळ सांगण्याआधी विचारली. तिने उद्याची रजा टाकलेली होती, दुसऱ्या दिवशी ढकललं असतं तर आणखी एक रजा गेली असती, आणि नव्या नोकरीच्या शोधातल्या माणसाला सलग दोन रजा मागणं अवघडच. म्हणून तारीख तीच ठेवली, साडेदहाची अडीच केली. का बदललं तेही सांगितलं. ऑडिटचं बाहेर बोलायचं नाही, पण ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ असं म्हटलं की समोरच्याला वाटतं, जागा भरली बहुतेक. म्हणून सांगितलं की पॅनेलमधल्या एकांना हैदराबादहून येता येत नाही, जागा तीच आहे, पॅनेल तेच, वेळही तेवढाच, पाऊण तास.

मग कुठे बसणार, हा प्रश्न. गावात या दिवसांत वीज गेली की मागोमाग टॉवरही जातो, आणि तिच्याकडे लॅपटॉप नाही, फोन आहे. फोनवर मुलाखत देता येते, पण या मुलाखतीत अडचण होती. आमचं पॅनेल समोर बसवून एक कागद देतं. त्यावर एचपीएलसीचा, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख असतो, आणि त्यातल्या एका पीकला, म्हणजे उंचवट्याला, उजवीकडे लांब शेपूट असते. काय झालंय, आधी काय तपासाल, असं विचारतात. तोच आलेख स्क्रीन शेअर करून पाच-सहा इंची पडद्यावर दाखवला तर शेपूट दिसतच नाही, आणि उमेदवार कच्चा ठरतो. म्हणून तिच्यापुढे दोन पर्याय ठेवले. वेर्ण्याला या, आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये लॅपटॉप लावून देते, येण्याजाण्याचं भाडं कंपनीचं. किंवा जिथे मोठा पडदा आणि वायफाय असेल तिथे बसा. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, फोंड्याला मावशीकडे जाते, मावसभावाचा लॅपटॉप आहे.

हे सगळं ठरेपर्यंत तिला दुसराच धक्का बसला होता, तो मला तिच्या पुढच्या फोनवर कळला. आमच्या मुख्य ऑफिसातल्या कोऑर्डिनेटरने कॅलेंडरमधली जुनी नोंद उडवून नवी तयार केली. जुनी नोंद उडवली की आउटलुक उमेदवाराला आपोआप मेल धाडतो आणि त्याच्या विषयाच्या ओळीत सुरुवातीलाच Canceled: असतं. नव्या नोंदीचा मेल काही मिनिटांनी जातो, आणि तोवर वाचणाऱ्याने मनात काय काय बांधलेलं असतं. ‘मॅडम, रद्दच झाली का?’ आवाज रडवेला. बरं की आधी बोलणं झालेलं होतं. नाहीतर हा मेल पाहून कुणीही फोंड्याला गेलंच नसतं.

खरं तर हे टाळणं अवघड नाही. जुनी नोंद उघडायची, त्यातच वेळ बदलायची, ठिकाणाच्या जागी ऑनलाइन मीटिंग चालू करायची आणि बदल पाठवायचा. उमेदवाराच्या कॅलेंडरमधली तीच नोंद नव्या वेळेला सरकते, दोन नोंदी राहत नाहीत, रद्द झाल्याचं पत्रही जात नाही. कोऑर्डिनेटरला फोन करून हे सांगितलं. तिचं म्हणणं, नवी केली की स्वच्छ दिसतं. तिच्या कॅलेंडरला दिसत असेल.

रात्री तिघांनाही एकेक मेल पाठवला, आणि तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर. या मुलीला पाठवलेला असा:

‘उद्या, गुरुवार १७ जुलै, सकाळी १०.३० ची वेर्णा येथील मुलाखत आता प्रत्यक्ष होणार नाही. तीच मुलाखत उद्याच दुपारी २.३० वाजता व्हिडिओवर होईल. लिंक खाली आहे, आधीची कुठलीही लिंक वापरू नये. टीम्स हे अ‍ॅप आज रात्रीच घालून पाहावे. २.२० ला लिंक उघडावी, मी आत घेईन. पॅनेलवर दोघे असतील, वेळ ४५ मिनिटे. मूळ प्रमाणपत्रे आत्ता लागणार नाहीत. संपर्क तुटल्यास त्याच लिंकवर परत यावे, पाच मिनिटांत जमले नाही तर मी फोन करीन आणि राहिलेला भाग फोनवर होईल.’

‘प्रत्यक्ष होणार नाही’ हे पहिल्याच ओळीत हवं. लोक मेल वरवर वाचतात, आणि लिंक दिसली तरी ‘आधी ऑफिसात, मग व्हिडिओ’ असा अर्थ काढणारा एखादा असतोच. शेवटचं वाक्यही तितकंच गरजेचं. ते नसेल तर लाइट गेल्यावर उमेदवार घाबरून गप्प बसतो आणि पॅनेलला वाटतं, निघून गेला.

गुरुवार, १७ जुलै

दुपारी आधी मडगाव आणि वास्को आटोपलं. तिघांना तीन वेगळ्या लिंका दिल्या होत्या. एकच लिंक सगळ्यांना दिली, की लांबलेल्या मुलाखतीत पुढचा उमेदवार दारात येऊन ताटकळतो, आणि कुणी चुकून आत घेतला तर दोघांची पंचाईत.

काल रात्रीच मी कोऑर्डिनेटरकडून तिन्ही मीटिंगांत स्वतःला प्रेझेंटर करून घेतलं होतं, म्हणजे उमेदवाराला मलाही आत घेता येईल. बाहेरच्या पत्त्यावरून येणारा माणूस आधी लॉबीत थांबतो, आतून कुणी घेतल्याशिवाय त्याला प्रवेश नाही. कोऑर्डिनेटर दुपारी ऑडिटच्या कागदांत अडकली आणि तिकडे फिरकलीच नाही. २.१८ ला लॉबीत सत्तरीच्या मुलीचं नाव दिसलं. आत घेतलं, आवाज पाहिला, कॅमेरा पाहिला. मागे मावशीचं कपाट आणि कपाटावर गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या लाकडी चौकटी. तिने लॅपटॉप जरा फिरवला.

आलेख मी चॅटमध्ये टाकला नाही. बाहेरच्या माणसाला तिथली फाइल बहुधा उघडताच येत नाही. साहेबांनी ‘पाठवा’ म्हटल्यावर तिच्या मेलवर पीडीएफ टाकला, तिघांनाही असाच, प्रश्नाच्या क्षणी. तिने तो पडदाभर उघडला. म्हणाली, ‘सर, ही शेपूट स्टँडर्डच्या इंजेक्शनलाही आहे का, ते आधी बघेन. स्टँडर्डलाही असेल तर कॉलम किंवा मोबाइल फेजचा पीएच. फक्त सॅम्पललाच असेल तर कॉलमला हात लावणार नाही, सॅम्पल कसा बनवला ते तपासेन.’ म्हणजे दोष यंत्राकडे आहे की नमुन्यात, हे आधी ठरवायचं. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं.

तीनच्या आत चित्र थिजलं. फोंड्याला लाइट गेली. मी पॅनेलला म्हटलं, तिला सांगून ठेवलंय, थांबा. जरा वेळाने तिचं नाव परत लॉबीत, या वेळी फोनच्या हॉटस्पॉटवरून. लॅपटॉप रात्रभर चार्ज करून ठेवला होता म्हणे. साहेबांनी जिथे सोडलं होतं तिथूनच विचारलं, आणि शेवटी गेलेली मिनिटं वाढवून दिली. ती मला मागावी लागली नाहीत.

संपल्यावर मी तिला वेगळा फोन केला. दुसरी फेरी झाली तर ती वेर्ण्याला, लॅबमध्ये, बॅलन्सवर वजन करून दाखवायचं असतं, ते व्हिडिओवर होत नाही. तारीख सोमवारी ठरेल. दुसऱ्या पाळीला असते म्हणून फोन सकाळी अकराच्या आत करायचा, हे तिच्या फाइलवर लिहून ठेवलंय, आणि कोऑर्डिनेटरलाही तसं कळवलंय.