बाकावरची सरासरी

आमच्यासारख्या कला-वाणिज्य महाविद्यालयांच्या माहितीपुस्तकात 'प्रत्येक विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष' ही ओळ असतेच, आणि तिच्या आसपास कुठेतरी वर्गातली सरासरी विद्यार्थिसंख्या दिलेली असते. समजा, ती 42 आहे. जूनमध्ये पालक ती वाचून समाधान पावतात. जुलैमध्ये एफ.वाय.चा पोरगा वर्गात शिरतो, शेवटून दुसऱ्या बाकावर चौथा म्हणून कसाबसा बसतो, आणि आठवड्याभरात मला जिन्यात गाठून विचारतो, "सर, ते बेचाळीस जणांचे वर्ग कुठल्या मजल्यावर भरतात?"

मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे असले प्रश्न माझ्याच वाट्याला येतात. पोरांचा ठाम समज असतो की ऑफिसने थाप मारली आहे. गंमत अशी की ऑफिसचा हिशेब बरोबर असतो आणि पोराची तक्रारही बरोबर असते. दोघांनी मोजलेल्या गोष्टी मात्र निराळ्या असतात.

आकडे गोल करून सांगतो, म्हणजे कागद-पेन्सिल लागणार नाही. एका कॉलेजात फक्त दहा वर्ग आहेत असं धरू, आणि एक मूल एकाच वर्गात बसतं असंही धरू. एफ.वाय.बी.कॉम.च्या दोन तुकड्या आहेत, 120-120 च्या. एस.वाय.चे दोन वर्ग 60-60 चे. आणि टी.वाय.ला सहा स्पेशल विषय आहेत. संस्कृत, तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र वगैरे, प्रत्येकी 10 मुलांचे. (संस्कृतला 10 मुलं ही माझी उदारता आहे.) एकूण मुलं 420, वर्ग 10, सरासरी 42. ऑफिसने केलेला भागाकार एवढाच आहे आणि त्यात एका शून्याचीही फेरफार नाही.

आता तेच कॉलेज बाकावर बसून मोजू. प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी द्यायची आणि सांगायचं, 'तुझ्या वर्गात एकूण किती जण आहेत ते लिही.' 240 मुलं लिहितील 120. आणखी 120 मुलं लिहितील 60. आणि 60 मुलं लिहितील 10. या 420 चिठ्ठ्यांवरच्या आकड्यांची बेरीज येते 36,600. तिला 420 ने भागलं की उत्तर येतं 87. म्हणजे ऑफिसच्या 42 च्या दुपटीहून थोडं जास्तच.

ऑफिसने चिठ्ठ्या वर्गांना वाटल्या होत्या, वर्गाला एक. त्यात 120 च्या तुकडीला एक मत आणि दहा जणांच्या तर्कशास्त्रालाही एकच मत. आपण चिठ्ठ्या मुलांना वाटल्या, तेव्हा मोठ्या तुकडीला 120 मतं मिळाली आणि तर्कशास्त्राला दहा. मोठा वर्ग मोठा आहे हे सांगायला त्यातच पुष्कळ तोंडं असतात. लहान वर्ग लहान आहे हे सांगायला थोडीच. रात्रीच्या शेवटच्या रिकाम्या बसचं तसंच असतं: बस रिकामी होती हे ड्रायव्हर-कंडक्टर सोडून कुणाला माहीतच नसतं, आणि सकाळी नऊच्या बसबद्दल अख्खं शहर बोलतं.

माहितीपुस्तकवाला याहून गोड वाक्य लिहू शकतो. 'आमचे साठ टक्के वर्ग केवळ दहा विद्यार्थ्यांचे!' अगदी खरं आहे, दहापैकी सहा वर्ग तसेच आहेत. पण त्या साठ टक्के वर्गांत बसणारी मुलं किती? 420 पैकी 60. शंभरातली चौदा. उलट ज्या वर्गात 42 हून जास्त डोकी आहेत, अशा वर्गांत शंभरातली 86 मुलं बसलेली आहेत. तेव्हा जिन्यात भेटलेला पोरगा सरासरीहून मोठ्या वर्गातला निघाला तर त्यात नवल नाही. तसा न निघता तरच नवल.

यात शिक्षकांची बाजू कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. दहा वर्गांना दहा शिक्षक असतील, तर शिक्षकांच्या चिठ्ठ्या ऑफिसच्याच आकड्याशी जुळतात, कारण वर्गाला शिक्षक एकच. स्टाफरूममध्ये सहा जण म्हणतील, 'छे, वर्ग कुठे मोठे आहेत? माझ्याकडे तर दहाच पोरं.' हे सहा जण खोटं बोलत नसतात, आणि मीटिंगमध्ये त्यांचंच बहुमत होतं. बी.कॉम.ला माईक हातात घेऊन घसा फोडणारे दोघे एका कोपऱ्यात चहा पीत असतात. त्यामुळे वर्गाच्या आकाराबद्दल शिक्षक आणि विद्यार्थी यांचं कधीच एकमत होत नाही.

दोन सरासरींमधलं हे अंतर किती, हे काढायला सोपं सूत्र आहे. वर्गांच्या आकारात जितका विखुरलेपणा, ज्याला आम्ही प्रसरण म्हणतो, त्याला सरासरीने भागायचं आणि जे येईल ते सरासरीत मिळवायचं. आपल्या कॉलेजचं प्रसरण 1,896 आहे. त्याला 42 ने भागलं की 45 येतात. 42 आणि 45 मिळून 87. प्रसरण ऋण असू शकत नाही, म्हणून मुलांना जाणवणारा आकडा ऑफिसच्या आकड्याहून कधीही लहान येणार नाही. सगळे वर्ग अगदी एकाच आकाराचे असले तरच दोन्ही सारखे येतील, आणि तसं कॉलेज मी तरी पाहिलेलं नाही.

इथवर हा प्रकार नुसता गमतीचा वाटेल. खरी मेख वेळापत्रक समितीत असते. समजा, कॉलेजला एक शिक्षक वाढवून मिळाला, म्हणजे एक वर्ग जास्त चालवता येईल. आता दोन प्रस्ताव येतात. पहिला: एफ.वाय.बी.कॉम.च्या एका तुकडीतल्या दहा मुलांसाठी एक खास नवा विषय सुरू करायचा. दुसरा: एक 120 ची तुकडी फोडून 60-60 च्या दोन करायच्या. दोन्हींत मुलं 420 आणि वर्ग 11 च राहतात, तेव्हा ऑफिसची सरासरी दोन्हींत 38.2 येते. अहवाल वाचणाऱ्याला कळणारसुद्धा नाही की यांतलं काय केलं.

मुलांना विचारा. नवा विषय काढला तर मुलांची सरासरी 87 वरून 82 वर येते. तुकडी फोडली तर ती 70 वर येते. पहिल्यात दहा मुलांचं भलं होतं, दुसऱ्यात 120 मुलांचं. तरी समितीत बहुतेक वेळा पहिला प्रस्ताव जिंकतो, असं माझं निरीक्षण आहे. नव्या विषयाचं उद्घाटन करता येतं, फोटो काढता येतो. तुकडी फोडल्याचं उद्घाटन कोण करणार? शिवाय फोडलेल्या तुकडीला 60 जणांची आणखी एक खोली लागते, आणि सकाळच्या वेळेत ती मिळणं म्हणजे अवघडच.

अमेरिकेत तर या आकड्यावर कॉलेजांचे क्रमांक लागत असत. 'यू. एस. न्यूज'च्या क्रमवारीत 20 पेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या वर्गांचं प्रमाण पाहिलं जाई. पुन्हा वर्गांचंच प्रमाण, मुलांचं नव्हे. मग जे व्हायचं ते झालं. 2009 साली क्लेमसन विद्यापीठातल्या एका अधिकाऱ्याने एका परिषदेत ही युक्ती उघड सांगितली: वीस-पंचवीसच्या आसपासचे वर्ग 20 च्या आत बसवायचे, आणि जे वर्ग मुळातच मोठे आहेत ते आणखी थोडे फुगले तरी फुगू द्यायचे. प्रसरणाचं सूत्र आठवलं तर लक्षात येईल की याने क्रमांक सुधारतो आणि मुलांना जाणवणारी गर्दी मात्र वाढते. 2023 मध्ये 'यू. एस. न्यूज'ने वर्गाचा आकार हा निकषच क्रमवारीतून काढून टाकला. तिकडे मुलं पाठवणाऱ्या आपल्याकडच्या पालकांना जुन्या याद्यांमध्ये तो अजून दिसतो.

तिथली बरीच विद्यापीठं 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ता दर वर्षी प्रसिद्ध करतात. त्यात 2 ते 9, 10 ते 19 असे गट करून प्रत्येक गटात किती वर्ग आहेत ते दिलेलं असतं. त्यावरून मुलांची सरासरी घरबसल्या काढता येते: प्रत्येक गटाचा मधला आकडा घ्यायचा, त्याला वर्गांच्या संख्येने गुणलं की त्या गटातल्या खुर्च्या मिळतात, आणि मग चिठ्ठ्यांचा वरचाच हिशेब. अडचण शेवटच्या गटाशी येते. तो '100 आणि त्याहून जास्त' असा उघडा सोडलेला असतो. 110 चा वर्ग आणि 500 चं सभागृह एकाच रकान्यात. आणि चिठ्ठ्यांच्या बेरजेत सगळ्यांत जड असतं ते नेमकं हेच टोक, त्यामुळे आपला अंदाज बहुधा कमीच निघतो.

आपल्याकडे मूल्यांकनाच्या कागदांवर असतं ते विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तर. ते तर या सगळ्यापासून आणखी एक खोली लांब आहे. एकूण मुलं भागिले एकूण शिक्षक, बस. शिक्षक आठवड्याला किती तास घेतात, मुलं किती तास बसतात, तुकड्या कशा पाडल्या आहेत, यातलं काहीच त्यात उतरत नाही. विज्ञान शाखेत आणखी एक सोय असते: प्रात्यक्षिकाच्या लहान बॅचेस. त्यांना 'वर्ग' म्हणून मोजलं की सरासरी झपाट्याने खाली येते, जरी थिअरीला तीच मुलं सगळी एकत्र बसत असली तरी. अमेरिकेतल्या त्या तक्त्यात प्रयोगशाळेचे आणि चर्चेचे गट वेगळे मोजायला सांगतात ते याचसाठी. म्हणून प्रवेशाच्या वेळी खिडकीवर सरासरी विचारण्यापेक्षा 'पहिल्या वर्षाला एका तुकडीत किती?' एवढं विचारलं की पुरतं. क्लार्कला ते पाठ असतं.

हा सगळा हिशेब पटावरच्या संख्येचा झाला. दिवाळीची सुट्टी संपली की 120 च्या तुकडीत तीसेक पोरं दिसू लागतात, कारण मोठ्या वर्गात कोण आलं नाही हे कुणालाच कळत नाही. तर्कशास्त्राच्या दहांना ती चैन परवडत नाही. एक जण आला नाही तरी बाई फोन करून विचारतात. त्यामुळे डिसेंबरात मोठे वर्ग आटतात, लहान जवळजवळ तेवढेच राहतात, आणि मुलांनी मोजलेली सरासरी ऑफिसच्या 42 च्याही खाली घसरू शकते. जिन्यात गाठून 'वर्ग कुठे भरतो' विचारणारा तो पोरगा तेव्हा कुठे असतो, हे विचारायची सोय नाही. तो कॅन्टीनमध्ये असतो, आणि तिथली गर्दी कुठल्याही अहवालात नसते.