नीट दिसत नाहीये

"पान माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित दिसतं, सर्व्हरवर चढवलं की समोरचा फक्त 'नीट दिसत नाहीये' म्हणतो. एवढ्यावरून तुम्ही चूक शोधता तरी कशी?"

गेल्या दिवाळीपूर्वी कोथरूडला राहणाऱ्या माझ्या आतेभावाने घरच्या फराळाच्या मागणीसाठी एक साधे पान तयार केले, एका फुकटच्या होस्टिंगवर चढवले आणि त्याचा पत्ता गिऱ्हाइकांना पाठवला. तासाभरात सहकारनगरमधल्या एका बाईंनी त्याला कळवले की पान नीट दिसत नाहीये, आणि त्याने तेच वाक्य जसेच्या तसे मला फोनवर सांगितले. "दादा, माझ्याकडे तर एकदम छान दिसतंय," असेही वर म्हणाला.

अशा वेळी मी आधी त्याच "माझ्याकडे"ची चौकशी करतो. पत्त्याच्या पट्टीत सुरुवातीला काय लिहिले आहे, असे विचारल्यावर त्याने `file:///C:/` वाचून दाखवले. म्हणजे तो आठवडाभर स्वतःच्या डिस्कवरची फाइल पाहत होता, आणि चढवलेले पान त्याने एकदाही उघडले नव्हते. यात त्याचा फार दोष नाही, कारण दोन्ही खिडक्या अगदी सारख्या दिसतात.

त्यानंतर "नीट नाही" म्हणजे काय दिसते, हे वर्णन करून न विचारता मी पडद्याचा फोटो मागवतो. माणसे कारण सांगू शकत नाहीत, पण फोटो बहुतेकदा सांगतो. अक्षरांच्या जागी `à¤` आणि `à¥` यांची रांग दिसली, तर मजकूर देवनागरीच आहे, पण ब्राउझर तो युनिकोडच्या `UTF-8` ऐवजी जुन्या पाश्चात्त्य संकेतानुसार वाचत आहे, असे समजावे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह `UTF-8` मध्ये तीन बाइटचे असते आणि त्यांतले पहिले दोन नेहमी याच दोन जोड्यांपैकी एक असतात, म्हणून ही खूण सहसा चुकत नाही. त्याचा उपाय `<meta charset="utf-8">` हा असतो, मात्र सर्व्हरच पानासोबत पाठवलेल्या हेडरमधून दुसरा संकेत कळवत असेल, तर ब्राउझर सर्व्हरचे ऐकतो. आतेभावाच्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता.

बाईंच्या फोटोत चकली, अनारसे, चिवडा ही नावे स्वच्छ वाचता येत होती, पण सगळे डाव्या कडेला एकाखाली एक लागले होते, पार्श्वभूमी पांढरी होती, दुवे निळे आणि अधोरेखित होते आणि यादीपुढे काळे ठिपके होते. हे रूप एकदा ओळखीचे झाले की विसरत नाही. एचटीएमएल पोहोचले आहे, त्याला सजवणारी सीएसएसची फाइल लागू झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. एचटीएमएलमधला एखादा टॅग बंद करायचा राहिला असता, तर रंग आणि अक्षरांचे वळण आले असते, फक्त पानाचा काही भाग भलत्याच चौकटीत शिरला असता.

मग मी स्वतः ते पान उघडले, `F12` दाबून `Network` हा भाग पुढे घेतला आणि पान पुन्हा लोड केले. एरवी हरवलेली फाइल येथे लाल अक्षरांत `404` म्हणून दिसते आणि शोध दोन मिनिटांत आटोपतो. येथे मात्र `style.css` समोर `200`, म्हणजे "मिळाली", असे लिहिले होते. फाइल मिळाली असेल तर ती लागू का होत नाही, या विचारात मी काही वेळ उगाचच सीएसएसमधला एखादा कंस सुटला असेल का ते त्याच्याकडून तपासून घेत बसलो. शेजारच्या `Console` मध्ये उत्तर आधीपासूनच लिहिलेले होते: सजावटीची फाइल नाकारली, कारण तिचा प्रकार `text/html` आहे.

सर्व्हर प्रत्येक फाइलबरोबर ती कोणत्या प्रकारची आहे हेही कळवतो आणि सीएसएससाठी तो प्रकार `text/css` असावा लागतो. पानाच्या माथ्यावर `<!DOCTYPE html>` असेल, तर ब्राउझर याबाबत कडक असतो आणि दुसऱ्या प्रकारची फाइल सजावट म्हणून स्वीकारत नाही. मी सीएसएसचा पूर्ण पत्ता नव्या खिडकीत उघडला, तेव्हा रंग आणि मापांच्या ओळींऐवजी फराळाचे मुखपृष्ठच पुन्हा समोर आले. या होस्टिंगवर असा नियम होता की जी फाइल सापडणार नाही तिच्या जागी मुखपृष्ठ द्यायचे आणि तरीही उत्तर `200` असेच पाठवायचे. हरवलेली फाइल त्यामुळे सापडल्यासारखी दिसत होती. माझ्या मते ही सोय नसून चकवा आहे, आणि म्हणून हल्ली मी यादीतला आकडा पाहून थांबत नाही, फाइलचा पत्ता उघडून आत काय आले ते डोळ्यांनी पाहतो.

फाइल सापडत का नव्हती, हे मग लगेच उघड झाले. पानात असे लिहिले होते:

```html
<link rel="stylesheet" href="css/style.css">
```

आणि त्याने चढवलेल्या फाइलचे नाव `Style.css` होते. विंडोज नावातल्या लहान-मोठ्या लिपीत सहसा भेद करत नाही, म्हणून त्याच्या लॅपटॉपवर दोन्ही नावे एकच ठरत होती. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तेथे `S` व `s` ही दोन निराळी अक्षरे आहेत. त्याने नाव लहान लिपीत बदलून फाइल पुन्हा चढवली. जुनी `Style.css` सर्व्हरवर तशीच राहते, तीही आठवणीने काढायला सांगितली, नाही तर महिन्याभराने तो भलतीच फाइल दुरुस्त करत बसला असता.

माझ्याकडे पान सुधारले, बाईंकडे नाही. त्यांच्या फोनच्या ब्राउझरने `style.css` या पत्त्यावर आलेले ते मुखपृष्ठ `200` म्हणून जपून ठेवले होते आणि तेच पुन्हा वापरत होता. खासगी खिडकीत पान उघडायला सांगितले, तेव्हा त्यांना ते नीट दिसले, म्हणजे आता दोष साठवणीचाच होता. प्रत्येक गिऱ्हाइकाला साठवण पुसायला सांगणे शक्य नव्हते, म्हणून पानातला पत्ताच किंचित बदलला. प्रश्नचिन्हापुढचा मजकूर वेगळा झाला की ब्राउझर ती नवी फाइल समजून पुन्हा मागवतो:

```html
<link rel="stylesheet" href="css/style.css?v=2">
```

यानंतर आलेल्या फोटोत रंग होते, चौकटी होत्या, फक्त चकलीच्या जागी फुटक्या चित्राची खूण होती. मी `Ctrl+U` दाबून मूळ मजकूर पाहिला, तर चित्राचा पत्ता `C:\Users` पासून सुरू होत होता. ती चकली अजून कोथरूडच्या लॅपटॉपवरच होती. चित्र `images` नावाच्या फोल्डरमध्ये चढवून पत्ता `images/chakli.jpg` असा लिहायला सांगितला, तेव्हा त्याने पलीकडून विचारले, "दादा, सी एच लहानच ना?"