संपतंय काय ते सांग पहिला

खानापूरच्या आत्याला कुठलीही सिरीज सुचवली की ती एकच विचारते, "संपतंय काय ते सांग पहिला." प्रश्न रास्त आहे. पडद्यावर नुसतं ‘सीझन १’ लिहिलेलं असतं, त्यावरून आपली किती रात्रींची झोप जाणार ते कळत नाही.

आत्याला ‘स्कॅम २००३’ बघायची होती, कारण बनावट स्टॅम्पपेपरवाला तेलगी खानापूरचाच. शेजारणीनं सांगितलं, "आधी हर्षद मेहतावाली बघावी लागते, ‘स्कॅम १९९२’." म्हणजे आणखी दहा भाग. तशी काही गरज नव्हती. ही अँथॉलॉजी, दर सीझनला माणूस नवा, घोटाळा नवा, नटही नवे. तेलगीपासून सुरुवात करावी आणि वाटलं तर मागाहून मेहता बघावा, काही अडत नाही. खरी मेख निराळीच होती. तेलगीचेही भाग दहा, पण सप्टेंबर २०२३ मध्ये आले पाचच, उरलेले नोव्हेंबरात. ज्यांनी पाचालाच शेवट धरला, त्यांचा तेलगी ऐन भरात असतानाच अडकून पडला. भाग मोजताना ‘व्हॉल्यूम १’ असं लिहिलंय का, तेवढं बघावं.

‘ब्लॅक मिरर’सारख्या अँथॉलॉजीत तर जवळपास प्रत्येक भागच स्वतंत्र. एक बघून कायमचं उठलात तरी चालतंय.

मिनीसिरीजचा हिशेब सगळ्यात सरळ. ‘चेर्नोबिल’चे पाच भाग, एकेक तासाभराचा. अणुभट्टी फुटते, चौकशी होते, खटला होतो, विषय मिटला. शनिवार-रविवारचं काम.

‘लिमिटेड’ या शिक्क्यावर मात्र माझा अर्धाच विश्वास. ‘द व्हाइट लोटस’ २०२१ मध्ये लिमिटेड म्हणूनच आली, सहा भागांची. चालली, तशी दुसऱ्या वर्षी नवं हॉटेल, बहुतेक नवी माणसं घेऊन परत आली. लिमिटेडची अँथॉलॉजी झाली. ‘बिग लिटल लाइज’नं तर त्याच बायकांना घेऊन पुढचा सीझन काढला. तरी बघणाऱ्याचं नुकसान नाही, कारण कोण मेलं नि कसं, हे पहिल्या सात भागांतच उलगडलेलं. निर्मात्यानं नंतर शब्द फिरवला तरी पहिल्या सीझनची गाठ त्याच सीझनमध्ये सुटली असेल, तर तिथंच थांबता येतं.

चालू मालिकेत नेमकं तेच जमत नाही. ‘सेक्रेड गेम्स’चा दुसरा सीझन २०१९ मध्ये आला, मुंबई वाचली की नाही हे न सांगताच संपला, आणि तिसरा आलाच नाही. म्हणून अशी मालिका धरण्याआधी शेवटचा सीझन ‘अंतिम’ म्हणून जाहीर झालाय का, ते मी बघतो. झाला नसेल तर आत्याला तिचं नावही सांगत नाही.