‘समजते’ खोडलं, पण पुढे?

“टाचणात ‘विद्यार्थ्याला बाष्पीभवन समजते’ असं लिहिलं तर बिघडतं कुठे? शेवटी मुलांना समजणंच महत्त्वाचं ना?”

महत्त्वाचं आहे, वादच नाही. अडचण येते ती वह्या तपासताना. सहावीला प्रश्न घातला, मिठागरात मीठ कसं तयार होतं? उत्तर आलं, ‘उन्हाने पाणी उडून जातं आणि मीठ उरतं.’ एक बाई तीनपैकी तीन गुण देतील, दुसऱ्या एकच देतील, कारण वाफेचा उल्लेख नाही. दोघींचंही चूक नाही. ‘समजते’ या शब्दात दोघींनी आपापला अर्थ भरला. त्यात मूल आगरवाड्यासारख्या मिठागरांच्या गावचं असलं तर हे उत्तर त्याला शाळेत यायच्या आधीपासून येत असणार. मग तुमच्या पाठाने काय केलं ते या उत्तरावरून कळतच नाही.

यावर मी वर्षानुवर्षं एकच उपाय सांगत आलो: ‘समजते’ खोडा, ‘सांगतो’ लिहा. तो सल्ला अर्धवट होता. ‘बाष्पीभवनाची व्याख्या सांगतो’ हे मोजता येतं, पण पोपटही त्यात पास होईल. ज्याला कळलेलं नाही त्याला जमणारच नाही अशी कृती शोधावी लागते, आणि खरा वेळ तिथेच जातो.

आता तेच वाक्य पुन्हा लिहून बघा: ‘सारखंच १०० मिली मिठाचं पाणी उथळ ताटलीत आणि उभ्या पेल्यात ठेवलेलं दाखवल्यावर, कोणतं आधी सुकेल हे विद्यार्थी सांगतो आणि उघड्या पृष्ठभागाशी जोडून त्याचं कारण देतो.’ यात काय दिलं, मुलाने काय करायचं आणि कितपत जमलं म्हणजे पुरे, हे तिन्ही आलं. निष्पत्तीचे हे तीन भाग अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्येच मांडले होते. आपण मधला तेवढा उचलतो आणि बाकीचे दोन सोडून देतो.

तिसरा भाग सोडला की काय होतं ते इथेच दिसतं. बरीच मुलं ‘ताटली’ असं बरोबर सांगतात आणि कारण देतात, ‘तिच्यात पाणी कमी आहे.’ पसरलेलं पाणी डोळ्यांना कमी वाटतं. अंदाज बरोबर, समज चूक. निकषात कारण नसतं, तर या मुलाला पूर्ण गुण गेले असते. म्हणून दोन्ही भांड्यांत पाणी मुलांसमोर, एकाच मापाने ओता. मिठागरातले वाफे उथळ का ठेवतात, हा पुढचा प्रश्न मग आगरवाड्याच्या मुलालाही विचार करायला लावतो. आणि हो, निष्पत्तीत ‘निरीक्षण करतो’ घालू नका. जुलैच्या दमट हवेत पेला किती दिवस सुकणार नाही, आणि तुमची निष्पत्ती पावसावर टांगून राहील. अंदाज आणि कारण एका तासात तपासून होतं.

समाजशास्त्रात ‘जनमत कौलाचे महत्त्व जाणतो’ हे तर ठरलेलं वाक्य. त्याऐवजी मुलांसमोर गोव्यातल्या १६ जानेवारी १९६७ च्या कौलाचे आकडे ठेवा: महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. मग दोन विधानं द्या. ‘फरक ३४,०२१ मतांचा होता’ आणि ‘लोकांना महाराष्ट्र नकोसा होता’. कोणतं विधान आकड्यांवरून थेट सिद्ध होतं, कोणतं होत नाही आणि का, हे मुलाने एका वाक्यात लिहायचं. घरी कोण विलीनीकरणाच्या फुलावाला आणि कोण विरोधातल्या दोन पानांवाला होता, याचा गुणांशी संबंध राहत नाही. आपल्याकडे ही काही लहान सोय नाही.

भाषेत मात्र माझी गाडी अडते. ‘कवितेचा आस्वाद घेतो’ याचं मी करतो ते असं: ‘न शिकवलेल्या बारा ओळींच्या कवितेतली एक उपमा शोधतो आणि त्या दोन गोष्टींत कवीला कोणतं साम्य दिसलं ते लिहितो.’ ‘शोधतो’ आणि ‘लिहितो’ यांना गुण वेगवेगळे ठेवा. नाहीतर उपमा सापडलेल्या, पण साम्य न दिसलेल्या मुलाला किती गुण द्यायचे, यावरून स्टाफरूममध्ये भांडण ठरलेलं.

पण हा आस्वाद नाही, हे मलाही दिसतं. एखादी मुलगी उपमा अचूक दाखवते आणि तिला ती कविता मुळीच आवडत नाही. दुसरीला उपमा सापडत नाही, पण तास संपल्यावर ती त्याच ओळी गुणगुणत असते. पहिलीला गुण मिळतात. ‘आस्वाद’ म्हणून मी टाचणात वेगळी ओळ ठेवतो आणि तिच्यापुढे गुणांचा रकाना काढत नाही. निरीक्षक त्यावर विचारतात, “हे मोजणार कसं?” त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही, आणि ती ओळ खोडायचीही तयारी नाही.