हाल्ब द्राय म्हणजे अडीच

गेल्या रविवारी आईचा साताऱ्याहून व्हिडिओ कॉल आला. तिने नातीला नेहमीप्रमाणे विचारलं, "काय गं चिमणे, किती वाजले तिकडे?" चिमणीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "साडेदोन!"

"साडेदोन नाही म्हणायचं बाळा, अडीच," आई म्हणाली. "इकडे सहा वाजलेत." (उन्हाळ्यात जर्मनीतलं आमचं लाइपझिग भारताच्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार.)

"पण साडेतीन असतं, साडेचार असतं. साडेदोन का नाही?"

"असंच असतं," असं सांगून आईने विषय संपवला, पण सहा वर्षांच्या माणसाला ते पटत नाही. फोन ठेवल्यावर मी तिला विचारलं, "शाळेत अडीचला काय म्हणता?" ती म्हणाली, "हाल्ब द्राय." म्हणजे शब्दशः 'अर्धे तीन'. आणि माझ्याच डोक्यात प्रकाश पडला.

दोन तास पूर्ण झाले, तिसरा अर्धा झाला, म्हणून जर्मन लोक अडीचला 'अर्धे तीन' म्हणतात. आपला अडीचही तोच आहे. मूळ संस्कृत शब्द 'अर्धतृतीय', म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे तो. झिजत झिजत त्याचा अडीच झाला. दीडही तसाच, दुसरा अर्धा. जर्मनमध्ये दीडला 'आंडर्टहाल्ब' म्हणतात, त्यातला 'आंडर' हा 'दुसरा' या अर्थाचा जुना शब्द. अडीचसाठी 'द्रिटहाल्ब' म्हणजे 'तिसरा अर्धा' असाही शब्द होता, तो आता कुणी वापरत नाही. साडे मात्र वेगळ्या घरचा. तो 'सार्ध', म्हणजे अर्ध्यासकट, आणि तो मागच्या आकड्यावर भर घालतो. दीड आणि अडीच आधीच जागा अडवून बसले असल्यामुळे साडेला तीनपासून पुढेच नोकरी मिळाली.

हे आधी कळलं असतं तर माझी एक फजिती टळली असती. पुण्यात जर्मन शिकून आले तेव्हा 'फिर्टेल नाख झ्वाय' म्हणजे 'दोननंतर पाव', आपले सव्वादोन, एवढंच माहीत होतं. इथल्या दातांच्या दवाखान्यातल्या बाईंनी फोनवर 'फिर्टेल द्राय' सांगितलं. तीन आणि पाव, म्हणजे सव्वातीन, असं धरून मी निवांत सव्वातीनला पोचले. बाईंनी शांतपणे वही दाखवली: 14:15. इकडे पूर्व जर्मनीत 'पाव तीन' म्हणजे तिसऱ्या तासाचा पाव भाग झालेला, सव्वादोन. तिसऱ्याचा पाऊण भाग झाला की 'द्रायफिर्टेल द्राय', पावणेतीन. गंमत म्हणजे दुपारी 12:45 ला हे लोक 'पाऊण एक' म्हणतात आणि आपण नुसतं 'पाऊण वाजला'. एकचा पाऊण भाग झाला, एक म्हणायची गरजच नाही. म्हणून तर 'पाऊण वाजला', 'सव्वा वाजला', 'दीड वाजला' हे एकवचनी. अनेकवचन सुरू होतं ते 'पावणेदोन वाजले' पासून. 14:25 ला शेजारच्या आजी 'हाल्ब द्रायला पाच कमी' असं म्हणतात. अडीचला पाच कमी! कुणी साताऱ्यातच बसून बोलतंय असं वाटतं.

पैशांत मात्र जर्मन लोक साथ सोडतात. साडेसत्तावीस युरोंना ते सरळ 'सत्तावीस पन्नास' म्हणतात. लेकीच्या नव्या बुटांची किंमत आईने विचारली, तर मीही तेच सांगितलं. "म्हणजे साडेसत्तावीस," आईने आधी दुरुस्त केलं आणि मग युरोच्या तेव्हाच्या नव्वदच्या भावाने हिशेब करून म्हणाली, "अडीच हजाराला पंचवीस कमी! एवढ्याशा पायांना?"

यावरून लेकीने सव्वाशे विचारलं. तिच्या मते शंभर आणि पाव, म्हणजे शंभर युरो पंचवीस सेंट. तिला समजावलं की इथे पाव एकाचा नसतो, शंभराचा असतो. म्हणून सव्वाशे म्हणजे 125. पावणेदोनशे म्हणजे दोन शेकड्यांना पाव शेकडा कमी, 175. लाखाचा पाव पंचवीस हजारांचा, म्हणून पाऊण लाख 75,000. मागे कोणतं माप आहे ते बघायचं, पाव त्याचाच. तिने खडूने फळ्यावर शंभराचा चौकोन काढून चार तुकडे केले तेव्हा कुठे पटलं.

मग तिचा पुढचा प्रश्न: दुसरा अर्धा दीड, तिसरा अर्धा अडीच, तर चौथा अर्धा कुठे गेला? होता, तोही होता. 'अर्धचतुर्थ'चा 'औट', म्हणजे साडेतीन. जुन्या शाळांत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी या पाढ्यांबरोबर औटकीही घोकून घ्यायचे.

काल आईने फोनवर परत वेळ विचारली. चिमणी घड्याळाकडे न बघताच म्हणाली, "औट वाजले, आजी."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "अगं, औटकी माझ्या वडिलांना पाठ होती. मी अडीचकीलाच अडकले."