पंजाची सूज, ३६ रॅट आणि अराइव्हची यादी : माझा अनुभव

औषधशास्त्राच्या प्रयोगशाळांत कॅराजीननने पंजाला सूज आणण्याचा प्रयोग वर्षानुवर्षे चालत आला आहे, आणि त्याच्याबरोबर 'एका गटात सहा रॅट' हा रिवाजही. त्यामुळे पेपर पाठवताना जर्नलने अराइव्हची चेकलिस्ट मागितली की पहिली अडचण तिथेच येते. प्राण्यांवरच्या प्रयोगांची माहिती पेपरमध्ये कशी द्यावी, याची ही मार्गदर्शक सूत्रे ब्रिटनच्या एनसी३आरएस या संस्थेने २०१० मध्ये काढली आणि २०२० मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात २१ बाबी आहेत, त्यांतल्या दहा अत्यावश्यक. माझ्या अनुभवात यादी भरण्याचे खरे काम पेपर लिहिताना होत नाही, ते प्राण्यांच्या परवानगीचा फॉर्म-बी भरतानाच करावे लागते. नंतर जे लिहायचे, ते तेव्हा ठरलेले असायला हवे.

आमच्या मांडणीत तीन गट असतात : नुसते सीएमसीचे द्रावण, इंडोमेथॅसिन १० मिग्रॅ प्रति किलो, आणि वनस्पतीचा अर्क. औषध तोंडाने दिल्यावर एका तासाने मागच्या उजव्या पंजाच्या तळव्यात १ टक्का कॅराजीनन, ०.१ मिली. मोजमाप प्लेथिस्मोमीटरवर. एक, दोन, तीन, चार अशा प्रत्येक तासाला आकडे मिळतात. त्यांतला कोणता मुख्य, हे आधी लिहून ठेवायचे. आम्ही 'तिसऱ्या तासाला पंजाच्या आकारमानात झालेली वाढ' हा एकच मुख्य निकाल धरतो आणि अर्क विरुद्ध सीएमसी ही एकच मुख्य तुलना. बाकीचे तास दुय्यम. हे आधी ठरवले नाही, तर जिथे फरक दिसला तो तास पुढे करण्याचा मोह आवरत नाही.

संख्येचा हिशेब त्या एका निकालावर होतो. उदाहरणादाखल, सीएमसी गटात सरासरी वाढ ०.८० मिली आणि प्रमाण विचलन ०.२० मिली धरू. उपयोगाचा म्हणावा असा किमान फरक ०.२४ मिली, म्हणजे सूज ३० टक्क्यांनी कमी. R मध्ये एवढेच लिहायचे :

```
power.t.test(delta = 0.24, sd = 0.20, power = 0.80)
```

उत्तर वर पूर्णांकात नेले की गटामागे १२ येते, एकूण ३६. याच आकड्यांवर सहाचा गट घेतला, तर हा फरक सापडण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी राहते. सहाच्या गटाला ८० टक्के खात्रीने पकडता येतो तो फरक सुमारे ०.३६ मिलीचा, म्हणजे जवळजवळ निम्मी सूज उतरवणारा. साधारण परिणामाचा अर्क तिथे सरळ 'निष्क्रिय' ठरतो आणि ते रॅट वाया जातात. म्हणून नीती समितीपुढे १२ चे समर्थन करायला संकोच वाटू नये. पेपरमध्ये चारही आकडे द्यायचे : फरक, विचलन, सार्थकतेची पातळी आणि पॉवर. विचलन कुठून घेतले, हेही. 'आधीच्या अभ्यासांप्रमाणे' एवढ्यावर समीक्षक थांबत नाही, आणि थांबूही नये.

आता रँडमायझेशन. पिंजऱ्यातून हाताला येईल तो रॅट उचलणे म्हणजे रँडमायझेशन नव्हे. सुस्त प्राणी आधी हाती लागतो आणि पहिला गट सुस्तांचा होतो. आमच्याकडे एका पिंजऱ्यात तीन रॅट असतात, शेपटीवर १, २, ३ अशा खुणा केलेले. प्रत्येक पिंजऱ्यातला एकेक रॅट एकेका गटात जातो, त्यामुळे पिंजऱ्यापिंजऱ्यांतला फरक सगळ्या गटांत सारखा वाटला जातो.

```
set.seed(4127)
for (p in 1:12) cat(p, sample(c("CMC","INDO","ARK")), "\n")
```

ही ओळ आणि सीडचा आकडा पुरवणी माहितीत दिला की वाटप कुणालाही पुन्हा करून बघता येते. औषध प्रत्येक रॅटला वेगळे दिले जाते, म्हणून इथे प्रयोगाचे एकक रॅट आहे. तेच औषध पिंजऱ्याच्या पाण्यातून दिले असते, तर एकक पिंजरा झाला असता.

क्रमही यादृच्छिक हवा, आणि वेळापत्रक इथेच फसते. छत्तीस रॅट एकाच दिवशी, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने घेतले, तर टोचायलाच ७२ मिनिटे लागतात; पहिल्या रॅटचा एका तासाचा आकडा घ्यायची वेळ येते तेव्हा शेवटचे रॅट टोचायचेच असतात. म्हणून आम्ही दिवसाला सहा पिंजरे घेतो. अठरा रॅट, तीन-तीन मिनिटांचे अंतर, म्हणजे ५४ मिनिटे. औषध, इंजेक्शन, पहिले मोजमाप अशी प्रत्येक फेरी तासाच्या आत बसते. पिंजरे आणि पिंजऱ्यातले रॅट घेण्याचा क्रम वेगळ्या चिठ्ठीवर काढतो. आधी सगळे सीएमसीवाले आणि शेवटी सगळे अर्कवाले असे झाले, तर दिवसाची वेळ आणि मोजणाऱ्याचा थकवा गटाच्या फरकात मिसळतात.

ब्लाइंडिंगबद्दल 'अभ्यास ब्लाइंड होता' या वाक्याला काही अर्थ नाही. वाटप, प्रत्यक्ष प्रयोग, मोजमाप आणि विश्लेषण या चार टप्प्यांवर गट कुणाला ठाऊक होता, हे अराइव्ह विचारते. या प्रयोगात अर्क तपकिरी आणि सीएमसी रंगहीन, त्यामुळे औषध पाजणाऱ्याला ते कळतेच. ते तसेच लिहायचे. मोजणाऱ्याला मात्र कळता कामा नये, कारण प्लेथिस्मोमीटरवर सगळा खेळ हाताचा असतो. घोट्याच्या सांध्यावर मार्करने रेघ मारून पंजा त्या रेघेपर्यंत बुडवायचा. रॅट पाय ओढतो, रेघ जराशी वर किंवा खाली राहते, आणि तेवढ्यात आकडा हलतो. गट माहीत असेल तर हात नकळत अपेक्षेच्या बाजूला झुकतो. म्हणून पाजणारा वेगळ्या खोलीत, मोजणारा वेगळ्या. रॅटच्या तोंडाला लागलेला तपकिरी डाग ओल्या कापसाने पुसूनच पुढे पाठवायचा, नाहीतर सगळी मेहनत त्या डागाने उघडी पडते. कुप्यांवर अ-ब-क लिहायचे नाही. एका रॅटचा गट कळला की आख्खा गट उघडा होतो. ३६ रॅटना ३६ वेगळे क्रमांक.

वगळण्याचे निकषही आधी ठरतात : सुई काढताना कॅराजीनन बाहेर आले, किंवा औषध श्वासनलिकेत गेले. गळती टोचणाऱ्याने तिथल्या तिथे, गट माहीत नसताना, नोंदवायची. तिसऱ्या तासाचा आकडा 'विचित्र' दिसला म्हणून काढून टाकणे हा निकष नव्हे. एकही वगळला नसेल, तर तेही लिहायचे.

समजा, अर्क गटातला एक गळतीमुळे गेला. मग त्या गटात ११ आणि एकूण ३५. पिंजरा हा ब्लॉक धरून केलेल्या अनोव्हात अवशिष्ट स्वातंत्र्यांश २१ यायला हवेत : ३४ मधून गटांचे २ आणि पिंजऱ्यांचे ११ वजा. तक्त्यात ३२ दिसले, तर पिंजरा विश्लेषणातून गळला आहे. २२ दिसले, तर वगळलेला रॅट अजून आत आहे. पाठवण्याआधी मी हा आकडा सर्वांत आधी तपासते. आलेखात खांबांऐवजी प्रत्येक रॅटचा ठिपका आणि प्रमाण विचलन. प्रमाण त्रुटी दाखवली की ०.२० चा पसारा १२ च्या गटात ०.०६ इतका आखूड दिसतो आणि वाचणाऱ्याला रॅटमधला खरा फरक कळतच नाही. मजकुरात गटांमधला फरक मिलीमध्ये, ९५ टक्के विश्वास-अंतरासह.

शेवटी चेकलिस्टच्या प्रत्येक रकान्यात पेपरमधला विभाग आणि ओळ क्रमांक. औषध पाजणाऱ्याच्या ब्लाइंडिंगसमोर आम्ही 'केले नाही, अर्काच्या रंगामुळे शक्य नव्हते' असे लिहितो आणि तेच वाक्य पद्धतीच्या विभागातही ठेवतो.