जोडशब्द खोडू नका, जोडी कुठे मोडलीय ते बघा

आज दिवसभर एका खरेदीखताचा मसुदा तपासत होते. नव्या मुद्रितशोधकाचा हात पहिल्यांदा शिवशिवतो तो ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ यावर. द्विरुक्ती वाटते, पण नाही. पहिला शब्द सांगतो की जबरदस्ती नव्हती, दुसरा सांगतो की माणूस शुद्धीवर होता. एक काढला की एक आधार गेला.

‘हक्क, अधिकार व हितसंबंध’ यातले शब्द मात्र खरंच एकमेकांवर चढतात. तरी ठेवायचे, कारण मसुदाकाराने ते मुद्दाम पसरट ठेवलेत. आपलं काम वेगळं: फाइलमध्ये ‘हितसंबंध’ शोधायचा आणि प्रत्येक ठिकाणी तिन्ही शब्द आहेत का बघायचं. तीन कलमांत तिन्ही आणि चौथ्यात फक्त ‘हक्क व हितसंबंध’ असेल, तर समासात प्रश्न लिहायचा. स्वतः ‘अधिकार’ घुसवायचा नाही. तो मुद्दाम वगळलेला असू शकतो.

रक्कम अंकी आणि अक्षरी, दोन्ही हवीच. पण ‘रु. 4,50,000’ पुढे ‘चार लाख पाच हजार’ दिसलं, तर ती खरी चूक. तीही आपण दुरुस्त करायची नाही, कारण बरोबर आकडा कोणता हे आपल्याला कुठे माहीत? ‘लिहून देणार’च्या जागी ‘लिहून घेणार’ पडलं असेल तर तेही असंच विचारायचं. ‘मिळकत’चं ‘मिळकात’ झालं असेल, ते मात्र बिनधास्त सुधारा.